कुरआनातल्या छोट्या आयती मराठीत आणताना: मुजाफची साखळी आणि ‘अल’चा हिशोब

कुरआनातली ११३ वी सूरह, अल-फलक, अवघ्या पाच आयतींची आहे. पहिली आयत सोडली तर उरलेल्या चारही आयतींत ‘शर्र’, म्हणजे अनिष्ट, हा शब्द येतो आणि प्रत्येक वेळी तो पुढच्या शब्दाला जोडलेला असतो: अमक्याचे अनिष्ट, तमक्याचे अनिष्ट. मराठीत उतरवताना चारही ठिकाणी ‘च्या अनिष्टापासून’ एवढा एकच साचा हाती येतो आणि अनुवादक पुढे सरकतो. अरबीत मात्र या चार जोड्या एकसारख्या नाहीत. एका ठिकाणी पुढचा शब्द ‘अल’ घेऊन आला आहे, दोन ठिकाणी तो ‘अल’शिवाय आहे आणि एका ठिकाणी शब्दाऐवजी अख्खे उपवाक्य जोडले आहे. हा फरक अर्थातला आहे, आणि तो मराठीत आणायचा तर आधी तो दिसायला हवा.

हा लेख ज्यांना मुसहफ वाचता येतो, पण व्याकरण नीट शिकायला मिळालेले नाही, अशा वाचकांसाठी आहे. अरबी शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत आणि आपल्याकडच्या मदरशांत कानावर पडतात तसेच ठेवले आहेत. त्यामुळे अरबीतली पाच वेगवेगळी अक्षरे इथे एकाच ‘ज’मध्ये आली आहेत. वाचताना मूळ मुसहफ शेजारी उघडा असू द्या. देवनागरीवरून हे काम होणार नाही, त्याचे कारण पुढे येईलच.

आधी प्रत्येक नामाची अवस्था पाहा

अरबी नाम वाक्यात साधारण तीन अवस्थांत भेटते. त्याच्या आधी ‘अल’ असेल तर ते निश्चित, व्याकरणाच्या भाषेत मारिफा. त्याच्या शेवटी तन्वीन असेल, म्हणजे उन-अन-इन असा नकारान्त उच्चार आणि लिखाणात स्वरचिन्ह दुहेरी, तर ते अनिश्चित, म्हणजे नकिरा. तिसरी अवस्था आपल्या कामाची आहे: ‘अल’ही नाही आणि तन्वीनही नाही. असे उघडे नाम दिसले की पहिला संशय हाच घ्यायचा की ते पुढच्या शब्दाला टेकलेले आहे. ते मुजाफ आणि ज्याला ते टेकले तो मुजाफ इलैह. ही जोडणी म्हणजे इजाफत; पुढे तिलाच साखळी म्हटले आहे. मुजाफ इलैह नेहमी ‘जर’ नावाच्या विभक्तीत असतो. त्याच्या शेवटी सहसा कसरा म्हणजे जेर दिसते.

मराठीच्या सवयीने बघितले तर हा क्रम उलटा आहे. आपण ‘घराचे दार’ म्हणतो, अरबी ‘दार घराचे’ या क्रमाने जाते, पण मधला ‘चे’ गाळून. आपला प्रत्यय मालकाला लागतो आणि वस्तूच्या लिंगाप्रमाणे चा-ची-चे बदलतो. अरबीत वस्तूचा शब्द आपले ‘अल’ आणि तन्वीन टाकून देतो, आणि ते टाकणे हीच जोडणीची खूण असते. द्विवचन किंवा नियमित अनेकवचन असेल तर शेवटचा नूनही गळतो. १११:१ मध्ये ‘तब्बत यदा अबी लहबिन’ आहे. दोन हात म्हणजे ‘यदानि’; पुढे ‘अबी लहब’ जोडला म्हणून नून गेला आणि ‘यदा’ उरले. मराठीत इथे ‘अबू लहबचे दोन्ही हात’ असे लिहावे. नुसते ‘हात’ लिहिले तर द्विवचन हरवते.

याच आयतीत नियमाचा एक अपवादही आहे. ‘लहबिन’ला तन्वीन आहे, म्हणून ते अनिश्चित समजू नका. अबू लहब हे माणसाचे नाव आहे आणि विशेषनाम तन्वीन असूनही निश्चितच असते, जसे ‘मुहम्मदुन’. उलट बाजूने काही नावांना, उदाहरणार्थ इब्राहीम, ‘अल’ही लागत नाही आणि तन्वीनही नाही, तरी ती मुजाफ नसतात. तेव्हा उघडे नाम दिसले की आधी ते विशेषनाम आहे का हे विचारून घ्यायचे.

एका ‘न’ने होणारी फसगत

आता अल-फलकच्या तिसऱ्या आणि चौथ्या आयतींची सुरुवात देवनागरीत वाचा: ‘व मिन शर्रि गासिकिन’ आणि ‘व मिन शर्रिन-नफ्फासाति’. कानाला दोन्हीकडे ‘इन’ लागते. पहिल्यातला ‘इन’ ‘गासिक’ शब्दाच्या शेवटी आहे आणि तो खरा तन्वीन आहे. दुसऱ्यातला ‘शर्रि’च्या पाठीमागे ऐकू येणारा ‘न्’ तन्वीन नाहीच. तो ‘अन-नफ्फासात’मधला आहे. मूळ ‘अल-नफ्फासात’, पण नून हे ज्यांच्यापुढे ‘अल’चा लाम विरघळतो त्या चौदा अक्षरांपैकी एक आहे. लाम नूनमध्ये मिसळतो, आधीचा अलिफ बोलण्यात गळतो आणि ‘शर्रिन-न’ असा आवाज उरतो.

ऐकून लिहिणारा इथे हमखास चुकतो. ‘शर्रिन’ला तन्वीन समजला की त्याच्या लेखी साखळी तुटते: ‘एक अनिष्ट’ वेगळे आणि ‘फुंकणाऱ्या’ वेगळ्या. मुसहफात मात्र शंका राहत नाही. तिथे ‘नफ्फासात’च्या आधी अलिफ-लाम लिहिलेले असते आणि ‘शर्र’खाली एकच जेर असते. तन्वीन असती तर दोन जेर दिसल्या असत्या. म्हणून नियम साधा ठेवावा: ‘न’ ऐकू आला तर ओळीत अलिफ-लाम शोधा, सापडला नाही तर दुहेरी चिन्ह शोधा. देवनागरी किंवा रोमन लिप्यंतर पुढ्यात घेऊन इजाफत ठरवू नका.

या एका ‘न’वर केवढे अवलंबून असते याचे उदाहरण याच सूरहच्या दुसऱ्या आयतीत आहे. प्रचलित पाठ ‘मिन शर्रि मा खलक’ असा आहे: ‘त्याने जे निर्माण केले त्याच्या अनिष्टापासून’. ‘शर्रि’ मुजाफ, ‘मा खलक’ हे उपवाक्य मुजाफ इलैह. १२ व्या शतकातले अंदलुसी भाष्यकार इब्न अतिय्या नोंदवतात की अम्र इब्न उबैद आणि मुअतजिला या विचारपंथातली काही मंडळी इथे ‘मिन शर्रिन मा खलक’ असे तन्वीन लावून वाचत. तन्वीन आल्याबरोबर साखळी तुटते, ‘मा’ला ‘जे’ हा अर्थ सोडून ‘नाही’ हा अर्थ घेता येतो आणि वाक्य होते: ‘त्याने निर्माण न केलेल्या अनिष्टापासून’. अनिष्ट हे ईश्वराने निर्माण केलेलेच नाही, या त्यांच्या मताला हा पाठ सोयीचा होता. इब्न अतिय्यांनी तो साफ नाकारला आहे आणि मान्य पाठांत तो नाही. अनुवादकाला तो वापरायचा नाही. पण एक जेर आणि दोन जेर यांत किती अंतर असू शकते हे याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

साखळीच्या शेवटच्या टोकापर्यंत जा

मुजाफला स्वतःची निश्चितता नसते, तो ती पुढच्याकडून घेतो. पुढचा शब्दही मुजाफ असेल तर आणखी पुढे जायचे. ‘मालिकि यौमिद-दीन’ (१:४) ही तीन शब्दांची साखळी आहे. ‘यौमि’ हा मधला शब्द ‘मालिकि’चा मुजाफ इलैह आहे म्हणून त्याला जेर आहे, आणि ‘अद-दीन’चा मुजाफ आहे म्हणून त्याला ना ‘अल’ ना तन्वीन. ‘अल’ शेवटच्या एकाच शब्दावर आहे आणि तेवढ्याने दिवसही निश्चित होतो: कोणता तरी निवाड्याचा दिवस नव्हे, तो ठरलेला दिवस. मराठीत साखळी शेवटाकडून उलगडत आणायची: निवाडा, त्याचा दिवस, त्याचा मालक, म्हणजे ‘निवाड्याच्या दिवसाचा मालक’. शेवटच्या टोकाला ‘अल’ऐवजी सर्वनाम असले तरी परिणाम तोच. ‘रब्बिका’, तुझा पालनकर्ता, हे पूर्ण निश्चित आहे.

याचा एक परिणाम अनुवादात फार वेळा निसटतो. मुजाफ इलैह निश्चित असेल तर अरबीला ‘अमक्याचा एक’ असे साखळीने म्हणताच येत नाही. ४८:२९ मध्ये ‘मुहम्मदुन रसूलुल्लाह’ आहे. ‘अल्लाह’ निश्चित, म्हणून ‘रसूल’ही निश्चित. अनिश्चित ठेवायचे असेल तर साखळी सोडून मध्ये शब्दयोगी घालावा लागतो. ९८:२ मध्ये नेमके तेच केले आहे: ‘रसूलुन मिनल्लाहि’, तन्वीनसकट. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘अल्लाहचा प्रेषित’ लिहिले तर चालते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. आपल्या ‘चा’ला निश्चित-अनिश्चित कळत नाही. मी ९८:२ साठी ‘अल्लाहकडून आलेला एक प्रेषित’ लिहितो. मूळ अरबीने ‘मिन’ वापरून जे मोकळे ठेवले, ते ‘कडून’ आणि ‘एक’ मिळून सांभाळतात. ४८:२९ मध्ये ‘अल्लाहचा प्रेषित’ किंवा आदरार्थी ‘अल्लाहचे प्रेषित’ पुरते. तिथे ‘एक’ घातला तर तो चुकीचाच ठरेल.

याच ९८ व्या सूरहमध्ये, पाचव्या आयतीत, साखळी आणि विशेषण यांची गल्लत होण्याची जागा आहे. आयतीचा शेवट ‘व जालिका दीनुल-कय्यिमह’ असा आहे. १२:४० आणि ३०:३० मध्ये ‘जालिकद-दीनुल-कय्यिम’ येते. बरेच अनुवाद दोन्हीकडे ‘हाच सरळ धर्म’ देतात. दुसऱ्या ठिकाणी ते बरोबर आहे: ‘अद-दीन’ आणि ‘अल-कय्यिम’ दोघांनाही ‘अल’, दोन्ही पुल्लिंगी, म्हणजे नाम आणि विशेषण. ९८:५ मध्ये ‘दीन’ उघडा आहे आणि ‘अल-कय्यिमह’ स्त्रीलिंगी आहे. अरबी विशेषण नामाशी लिंग आणि निश्चितता या दोन्ही बाबतींत जुळते. इथे एकही जुळत नाही. म्हणजे ही साखळी आहे: ‘त्या सरळ, ठाम असलेल्या …चा धर्म’. गाळलेला स्त्रीलिंगी शब्द भाष्यकार ‘मिल्लत’ किंवा ‘उम्मत’ असा भरतात. मराठीत ‘हाच सरळ मार्गावरच्या समुदायाचा धर्म’ असे होईल. ‘समुदाय’ हा भरलेला शब्द आहे हे टिपेत सांगावे, म्हणजे वाचकाला मूळ आणि भर वेगळे कळतील.

साखळी दिसते, पण निश्चितता देत नाही

आतापर्यंतचा नियम एका जागी अडतो. मुजाफ हा क्रियावाचक शब्द असेल, म्हणजे ‘करणारा’ या धर्तीचा, आणि मुजाफ इलैह हे त्या क्रियेचे कर्म असेल, तर ती जोडणी केवळ उच्चार हलका करण्यासाठी असते. व्याकरणात तिला इजाफत-ए-लफ्जी म्हणतात. तन्वीन गळतो, निश्चितता मात्र येत नाही. ५:९५ मध्ये ‘हदयन बालिगल-कअबति’ आहे. ‘हदयन’, अर्पणाचा प्राणी, हा तन्वीन असलेला अनिश्चित शब्द, आणि ‘बालिगल-कअबति’ हे त्याचेच विशेषण. ‘कअबा’ला ‘अल’ आहे. त्याने ‘बालिग’ निश्चित झाला असता तर तो अनिश्चित ‘हदयन’चे विशेषण होऊच शकला नसता. म्हणून अर्थ ‘काबापर्यंत पोहोचणारे अर्पण’.

बहुतेकांना पाठ असलेले उदाहरण घेऊ: ‘कुल्लु नफ्सिन जाइकतुल-मौत’ (३:१८५, २१:३५, २९:५७). ‘जाइकतुल-मौत’ ही लफ्जी साखळी आहे. ‘मृत्यूची चव घेणारी’ हा विधेयाचा भाग आहे, ओळख पटवणारे नाव नव्हे. मराठीत तिला नामाऐवजी क्रियापदाने उतरवणे मला जास्त बरोबर वाटते: ‘प्रत्येक जीव मृत्यूची चव घेणार आहे’. ‘मृत्यूचा आस्वादक आहे’ असले भाषांतर व्याकरणाच्या भीतीतून येते. मराठीत तसे कोणी बोलत नाही.

या आयतीचा पहिला अर्धा भाग तितकाच मोलाचा आहे. ‘कुल्लु नफ्सिन’ हीसुद्धा साखळी आहे आणि तिचे टोक अनिश्चित आहे. ‘कुल्ल’च्या पुढे अनिश्चित एकवचन आले की अर्थ ‘प्रत्येक’. पुढे निश्चित शब्द आला की अर्थ ‘सगळे, पूर्ण’. ३:९३ मध्ये ‘कुल्लुत-तआमि’ आहे, ‘सगळे अन्न’. इथेही ‘त’ जोडला गेल्यामुळे ‘अल’ कानाला लागत नाही, डोळ्यांनीच पाहावा लागतो. मराठीकडे ‘प्रत्येक’ आणि ‘सगळा’ हे दोन वेगळे शब्द आयते आहेत, म्हणून इथे फरक सहज टिकतो. ‘सर्व’ वापरला की दोन्ही अर्थ एकत्र होतात; तो शब्द मी शक्यतो टाळतो.

तर मग ‘मालिकि यौमिद-दीन’चे काय? ‘मालिक’ हाही ‘मालकी असणारा’ या धर्तीचा शब्द, आणि तो तर ‘अल्लाह’ या निश्चित नामाचे विशेषण म्हणून आला आहे. जुन्या व्याकरणकारांनी हा प्रश्न विचारला आहे. त्यांचे उत्तर असे की इथे आत्ता किंवा पुढे घडायची एक क्रिया अभिप्रेत नाही, कायमची मालकी आहे. म्हणून ही साखळी लफ्जी न धरता खरी धरायची. सात प्रसिद्ध पाठांपैकी आसिम आणि किसाई यांच्या पाठात ‘मालिकि’ आहे, बाकीच्यांत ‘मलिकि’, म्हणजे राजा. आपल्याकडचे छापील मुसहफ आसिमच्या पाठाचे, हफ्सच्या परंपरेतले असतात. म्हणून मराठीत ‘मालक’ किंवा ‘स्वामी’ योग्य. ‘निवाड्याच्या दिवसाचा राजा’ हे चुकीचे नाही, पण ते दुसऱ्या पाठाचे भाषांतर आहे हे ठाऊक असावे.

साखळीनंतरचे विशेषण कोणाचे?

मला स्वतःला या विषयातला सर्वात रंगतदार भाग हाच वाटतो, आणि सर्वात जास्त पडझडही इथेच होते. अरबीत साखळी मध्ये तोडून विशेषण घालता येत नाही. मुजाफचे विशेषण असो की मुजाफ इलैहचे, ते साखळी संपल्यावरच येते. मग ते कोणाचे हे विभक्तीवरून ठरवायचे.

सूरह अर-रहमानमध्ये एकच शब्दसमूह दोनदा येतो. ५५:२७: ‘व यब्का वज्हु रब्बिका जुल-जलालि वल-इकराम’. ५५:७८: ‘तबारकस्मु रब्बिका जिल-जलालि वल-इकराम’. ‘वैभव आणि सन्मान असलेला’ हेच शब्द, पण एकीकडे ‘जू’ आणि दुसरीकडे ‘जी’. २७ मध्ये ‘वज्हु’ला, म्हणजे मुखाला, पेश आहे, ‘जू’ही त्याच विभक्तीत आहे, म्हणून वैभव मुखाचे. ७८ मध्ये ‘इस्मु’ला पेश आणि ‘रब्बि’ला जेर, ‘जी’ जेरच्या विभक्तीत, म्हणून वैभव पालनकर्त्याचे, नावाचे नव्हे. इब्न आमिर यांच्या शामी पाठात ७८ मध्येही ‘जू’ आहे, तिथे ते नावाला लागते. या शब्दात विभक्ती ‘वाव’ किंवा ‘या’ या अक्षराने लिहिली जाते, म्हणून जेर-पेश न दिलेल्या लिखाणातही फरक दिसतो.

मराठीत काय करायचे? ‘तुझ्या वैभवशाली, सन्माननीय पालनकर्त्याचे मुख’ हे २७ चे भाषांतर म्हणून चूक आहे, जरी कानाला गोड लागते. तिथे ‘तुझ्या पालनकर्त्याचे वैभवशाली, सन्माननीय मुख उरेल’ असे हवे. आणि ७८ मध्ये ‘तुझ्या वैभवशाली, सन्माननीय पालनकर्त्याचे नाव’. मराठीत विशेषण ज्याचे त्याच्या लगेच आधी ठेवले की काम होते. अडचण होते ती ‘वैभवशाली’, ‘महान’, ‘पवित्र’ असल्या न बदलणाऱ्या विशेषणांमुळे. ‘महान पालनकर्त्याचे मुख’ यात महान कोण, हे रूप सांगत नाही. ‘मोठ्या’ आणि ‘मोठे’ सांगतात. लांब रचनेत विशेषण दूर जाणार असेल तर जो-जी-जे वापरा: ‘पालनकर्त्याचे मुख, जे वैभवशाली आहे’. इथे ‘जे’ नपुंसकलिंगी असल्यामुळे मुखालाच लागते, पालनकर्त्याला लागूच शकत नाही. अरबीत विभक्ती जे करते ते मराठीत लिंग करू शकते. ही सोय आपण फार कमी वापरतो.

८५:१५ मध्ये मात्र डोळ्यांनाही अडचण आहे. ‘जुल-अर्शिल-मजीद’. ‘जू’, धनी, पेशच्या विभक्तीत. ‘अर्श’, सिंहासन, जेरमध्ये. ‘अल-मजीद’, गौरवशाली, यांतल्या कोणाचे? हम्जा आणि किसाई ‘मजीदि’ वाचतात, म्हणजे गौरव सिंहासनाचा. बाकीचे पाठ ‘मजीदु’, म्हणजे गौरव खुद्द धन्याचा. पण आयत इथेच संपते आणि आयतीच्या शेवटी थांबताना अरबीत शेवटचा स्वर उच्चारत नाहीत. पठणात दोन्ही पाठ ‘मजीद’ असेच ऐकू येतात. इथे कान कामाचा नाही. छापील मुसहफात दालवरचे चिन्ह पाहावे लागते. हफ्सच्या मुसहफात ते पेश आहे, म्हणून ‘सिंहासनाचा गौरवशाली धनी’. ‘गौरवशाली सिंहासनाचा धनी’ लिहिलेत तर नकळत कूफाच्या दुसऱ्या दोन पाठकांचा पाठ घेतलात. कोणत्याही छोट्या आयतीत शेवटचा शब्द विशेषण असेल, तर हे चिन्ह पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शब्दवार व्याकरण हवे असेल तर `corpus.quran.com` वर प्रत्येक शब्दाची विभक्ती दिलेली मिळते. मात्र तीही हफ्सच्याच पाठावर आहे.

आता अल-फलक पूर्ण करू

पहिली आयत: ‘कुल अऊजु बि-रब्बिल-फलक’. ‘रब्बि’ उघडे, ‘अल-फलक’ निश्चित; सरळ साखळी, ‘प्रभातेच्या पालनकर्त्याचा’. दुसऱ्या आयतीतली ‘मा’ सगळ्या निर्मितीला कवेत घेते, म्हणून मराठीत ‘जे जे’ अशी द्विरुक्ती मला योग्य वाटते.

खरा निर्णय पुढे आहे. ‘शर्रि गासिकिन’ आणि ‘शर्रि हासिदिन’ या दोन साखळ्यांची टोके अनिश्चित, आणि मध्ये ‘शर्रिन-नफ्फासाति’चे टोक निश्चित. टोक अनिश्चित असले की मुजाफ निश्चित होत नाही, फक्त त्याची व्याप्ती आखडते. असे का केले, हा प्रश्न जमख्शरी यांनी आपल्या ‘अल-कश्शाफ’ या भाष्यात विचारला आहे. त्यांचे उत्तर असे: गाठींवर फुंकणारी प्रत्येकच अनिष्टकारी आहे, म्हणून तिथे निश्चित रूप. उलट प्रत्येक काळोख अनिष्ट असतो असे नाही आणि प्रत्येक हेवा करणाराही अपाय करतोच असे नाही, म्हणून ते दोन अनिश्चित. पुढची ‘इजा वकब’ आणि ‘इजा हसद’, म्हणजे ‘दाटतो तेव्हा’ आणि ‘हेवा करतो तेव्हा’, ही उपवाक्ये याला जुळतात: धोका त्या वेळेपुरता आहे.

मराठीत अनिश्चितासाठी तीन शब्द समोर येतात. ‘एक हेवेखोर’ म्हटले की बोलणाऱ्याच्या मनात कोणीतरी ठरलेला आहे असे वाटते. ‘कोणताही हेवेखोर’ म्हटले की सगळे आले, म्हणजे जमख्शरींनी सांगितलेला फरकच पुसला गेला. ‘एखादा’ बरोबर बसतो: असेल किंवा नसेल, निघालाच तर. नुसते ‘हेवेखोरांच्या अनिष्टापासून’ लिहिणे सर्वात वाईट, कारण ते अनेकवचनी, सरसकट आणि चौथ्या आयतीच्या बरोबरीचे होते.

चौथ्या आयतीत उलटा मोह होतो: ‘अल’ आहे म्हणून ‘त्या’ लावायचा. ‘अल’ दोन कामे करतो. कधी तो आधी ठाऊक असलेल्याकडे बोट दाखवतो, तेव्हा मराठीत ‘तो, ती, ते’ चालते. कधी तो अख्खा वर्ग निश्चित करतो, तेव्हा मराठीला काहीच लावावे लागत नाही. जमख्शरींचे उत्तर दुसऱ्या प्रकारचे आहे, म्हणून ‘त्या’ नको. आयतीचा संबंध एका विशिष्ट प्रसंगाशी आणि विशिष्ट स्त्रियांशी जोडणाऱ्या भाष्यकारांना अनुसरायचे असेल तर ‘त्या’ योग्य ठरेल. दोन्ही पर्याय घेता येतात, पण ते विचारपूर्वक घेतले पाहिजेत.

माझा मसुदा असा होतो:

सांगा, मी प्रभातेच्या पालनकर्त्याचा आश्रय घेतो,
त्याने जे जे निर्माण केले त्याच्या अनिष्टापासून,
आणि एखादी काळोखी रात्र दाटून येते तेव्हा तिच्या अनिष्टापासून,
आणि गाठींवर फुंकर मारणाऱ्या स्त्रियांच्या अनिष्टापासून,
आणि एखादा हेवेखोर हेवा करू लागतो तेव्हा त्याच्या अनिष्टापासून.

तिसऱ्या ओळीतली ‘रात्र’ ही भर आहे. मूळ ‘गासिक’ म्हणजे काळोख पसरवणारा. बहुतेक भाष्यकार रात्र घेतात, काही चंद्र. नाम भरायचे नसेल तर ‘एखादा काळोख दाटून येतो तेव्हा त्याच्या’ असेही लिहिता येईल, फक्त मराठीत ‘एखादा काळोख’ थोडे अडखळते. चौथ्या ओळीत ‘स्त्रियांच्या’ का लिहिले? ‘नफ्फासात’ स्त्रीलिंगी अनेकवचन आहे, आणि मराठीत ‘फुंकर मारणाऱ्यांच्या’ म्हटले की सामान्यरूपात लिंग नाहीसे होते. काही भाष्यकार मात्र इथे ‘स्त्रिया’ न धरता ‘नुफूस’, म्हणजे जीव, हा स्त्रीलिंगी शब्द अध्याहृत धरतात. त्यांच्या बाजूने जायचे असेल तर ‘फुंकर मारणाऱ्यांच्या’ हेच जास्त प्रामाणिक. मग हरवलेल्या लिंगाची नोंद टिपेत करावी.